शेवटच्या खेळीपासून मागे : फुली-गोळा शिकणारा प्रोग्रॅम

(निपाणी येथे एका गणितशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते उत्तर सांगण्याआधी ‘हे तुला कशावरून कळलं?’ असं विचारत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. आजचा विषय त्याच प्रश्नाचा आहे. फुली-गोळा खेळणारा एक छोटा प्रोग्रॅम आपण तयार करणार आहोत. त्याला आपण फक्त नियम सांगायचे. कोणती खेळी चांगली, कोणती वाईट, हे एका अक्षरानेही सांगायचं नाही. तो स्वतःशीच खेळेल, डाव संपला की जिंकला, हरला की बरोबरी झाली एवढंच त्याला कळेल, आणि त्यावरून तो शहाणा होईल. कसा होईल, आणि झाला आहे हे आपल्याला कशावरून कळेल, या दोनच गोष्टी मी सांगणार आहे.

अडचण कुठे आहे ती आधी पाहू. फुली-गोळ्याचा डाव पाच ते नऊ खेळ्यांत संपतो, पण निकाल येतो तो शेवटच्या खेळीनंतर. गोळेवाला सातव्या खेळीला हरला, तर त्याची चूक कुठली? सहावी खेळी? चौथी? की पहिलाच गोळा चुकीच्या घरात पडला होता? निकाल एक आणि त्याला जबाबदार असू शकतील अशा खेळ्या अनेक. श्रेय कुणाला द्यायचं आणि दोष कुणाच्या माथी मारायचा, हा या विषयाचा गाभा आहे. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं काम.

याचं एक सुंदर उत्तर १९६१ साली संगणकाशिवाय दिलं गेलं. डोनाल्ड मिची हे एडिंबरा विद्यापीठातले संशोधक. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये ॲलन ट्युरिंग यांच्यासोबत त्यांनी सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम केलं होतं. यंत्र शिकू शकतं हे त्यांना दाखवायचं होतं आणि हाताशी संगणक नव्हता. म्हणून त्यांनी काडेपेट्या घेतल्या. मोजून ३०४.

प्रत्येक काडेपेटीवर फुली-गोळ्याची एक मांडणी काढलेली. पेटीत नऊ रंगांपैकी काही रंगांचे मणी, एकेक रंग म्हणजे पाटावरचं एकेक घर. यंत्राची पाळी आली की समोरच्या मांडणीची पेटी शोधायची, हलवायची, तिरकी करायची. जो मणी पुढच्या कोपऱ्यात येईल त्या रंगाच्या घरात खेळी करायची. तो मणी बाहेर ठेवायचा आणि डाव पुढे न्यायचा. डाव संपला की हिशेब. यंत्र जिंकलं तर वापरलेला प्रत्येक मणी आपल्या पेटीत परत, वर त्याच रंगाचे आणखी तीन. बरोबरी झाली तर मणी परत आणि वर एक. हरलं तर मणी जप्त. जिंकवणाऱ्या रंगाचे मणी असे वाढत जातात आणि पुढच्या वेळी तोच रंग पुढे येण्याचा संभव वाढतो. यंत्राला कुणी काही शिकवलेलं नसतं, पण पेट्यांमधला मण्यांचा साठा बदललेला असतो.

३०४ हा आकडा कुठून आला, हे समजून घेण्यासारखं आहे. यंत्र नेहमी पहिली खेळी करतं. त्यामुळे त्याच्या पाळीला पाटावर शून्य, दोन, चार किंवा सहा खुणा असतात. पाट फिरवला किंवा आरशात धरला तरी मांडणी तीच, असं मानलं आणि संपलेले डाव वगळले, तर या चार टप्प्यांवर १, १२, १०८ आणि १८३ मांडण्या उरतात. बेरीज करून पाहा. आठ खुणा झाल्यावर एकच घर रिकामं असतं, तिथे विचार करायचा नाही, म्हणून पेटीही नाही.

मिचींनी आणखी एक बारकावा साधला होता. सुरुवातीला पहिल्या खेळीच्या पेटीत प्रत्येक रंगाचे चार मणी, दुसऱ्या टप्प्यावर तीन, मग दोन आणि शेवटच्या टप्प्यावर एकेक. चारातला एक मणी जप्त झाला तर फारसं बिघडत नाही, पण एकातला एक गेला तर ती खेळी कायमची बंद. म्हणजे शेवटाजवळच्या खेळीला निकालाचा मोठा धक्का आणि सुरुवातीच्या खेळीला छोटा. निकालाच्या जितकं जवळ, तितकी जबाबदारी अधिक, हे तत्त्व त्यांनी मण्यांच्या संख्येत बसवलं होतं. ते आपण आता आकड्यांत बसवू.

आपल्या प्रोग्रॅमची सामग्री म्हणजे एक मोठा तक्ता. प्रत्येक मांडणीसमोर शून्य ते एक यांमधला एक आकडा. त्याचा अर्थ असा : इथून पुढे डाव फुलीच्या बाजूने किती झुकलेला आहे. फुली जिंकलेली मांडणी म्हणजे १, गोळा जिंकलेली म्हणजे ०, बरोबरीत संपलेली म्हणजे ०.५. हे तीन आकडे नियमांतूनच येतात आणि बक्षीस म्हणतात ते एवढंच. मधल्या सगळ्या मांडण्यांबद्दल सुरुवातीला काहीच ठाऊक नाही, म्हणून तिथे ०.५. तक्ता फार मोठा होत नाही. नऊ घरांत फुली, गोळा किंवा रिकामं असे १९,६८३ प्रकार कागदावर होतात, पण नियमाने खेळून ज्यांच्यापर्यंत पोचता येतं अशा मांडण्या ५,४७८ च आहेत.

खेळताना प्रोग्रॅम एवढंच करतो : आपल्या पाळीला जी जी खेळी शक्य आहे ती मनात करून पाहतो, होणाऱ्या मांडणीसमोरचा आकडा वाचतो आणि निवड करतो. फुलीची पाळी असेल तर सर्वांत मोठा आकडा, गोळ्याची असेल तर सर्वांत लहान. बरेच आकडे सारखे असतील तर त्यांतून चिठ्ठी टाकून एक.

```python
pick = max if who == "X" else min
best = pick(value(n) for n in nxt)
c = random.choice([n for n in nxt if value(n) == best])
```

इथे `nxt` म्हणजे पुढे होऊ शकणाऱ्या मांडण्यांची यादी, आणि `value` तक्त्यातला आकडा देतो; मांडणी संपलेल्या डावाची असेल तर नियमाचा आकडा देतो.

डाव संपल्यावर शिकण्याचं काम. वाटेत आलेल्या मांडण्या शेवटाकडून सुरुवातीकडे तपासायच्या आणि प्रत्येक मांडणीचा आकडा तिच्या पुढच्या मांडणीच्या आकड्याकडे थोडा सरकवायचा :

```python
for s, t, explore in reversed(path):
    if not explore:
        V[s] = value(s) + alpha * (value(t) - value(s))
```

`s` ही आधीची मांडणी, `t` ही नंतरची. `alpha` म्हणजे किती सरकायचं ते. `explore` चा उलगडा थोड्या वेळाने करतो. शिकणं म्हणतात ते या तीन ओळींत आहे. आता एक डाव हाताने खेळून पाहू. घरांना असे क्रमांक देऊ :

```
1 2 3
4 5 6
7 8 9
```

तक्ता कोरा आहे, सगळीकडे ०.५, त्यामुळे खेळ्या चिठ्ठ्या टाकूनच होणार. समजा असा डाव झाला : फुली १, गोळा २, फुली ५, गोळा ९, फुली ४, गोळा ७, फुली ६. वहीत मांडून पाहा. पाचव्या खेळीला फुली ४ वर गेली तेव्हा तिने दोन बाजूंनी कोंडी केली. १-४-७ ही ओळ पुरी व्हायला ७ हवं आणि ४-५-६ ही पुरी व्हायला ६ हवं. गोळा एकच घर अडवू शकतो. त्याने ७ अडवलं, फुलीने ६ घेतलं आणि डाव संपला.

`alpha` आपण ०.५ धरू, म्हणजे दर वेळी निम्मं अंतर कापायचं. शेवटच्या मांडणीचा आकडा १. तिच्या आधीची, म्हणजे सहा खेळ्यांनंतरची मांडणी ०.५ वर होती. अंतर ०.५, त्याचं निम्मं ०.२५, म्हणून ती ०.७५ झाली. पाच खेळ्यांनंतरची मांडणी ०.७५ कडे निम्मं अंतर सरकली आणि ०.६२५ झाली. चारनंतरची ०.५६२५. तीननंतरची ०.५३१२५. दोननंतरची, जिथे पाटावर फक्त १ वर फुली आणि २ वर गोळा आहे, ती सुमारे ०.५१६. पहिल्या फुलीनंतरची सुमारे ०.५०८.

निकालाचा धक्का शेवटी पाव होता आणि मागे जाता जाता दर पायरीला निम्मा होत गेला. मिचींनी चार-तीन-दोन-एक मण्यांनी जे साधलं, ते इथे आपोआप होतं.

दुसऱ्या डावात गोळेवाला समजा पुन्हा त्याच कोंडीत सापडला. त्याच्यापुढे ३, ६, ७ आणि ८ ही घरं रिकामी आहेत. ७ वर गेल्यास होणारी मांडणी ०.७५ ची, बाकीच्या अजून ०.५ च्या. त्याला लहान आकडा हवा, म्हणून तो ७ टाळतो आणि समजा ६ घेतो. फुलीला ७ वर १ दिसतो, ती जिंकते. आता ६ ची मांडणीही ०.७५ झाली आणि कोंडीच्या मांडणीचा आकडा ०.६२५ वरून ०.६८७५ वर गेला. पुढे केव्हा तरी तो ३ आणि ८ ही करून पाहील, त्यातही हरेल. चारही वाटांचे आकडे चढले की कोंडीची मांडणीच १ कडे जाते. प्रोग्रॅमला आता ‘इथे सुटका नाही’ हे कळलं, आणि ते त्याने चारही वाटांनी आपटी खाऊन मिळवलं आहे.

मग तो आकडा आणखी मागे झिरपतो. कोंडीच्या आधी गोळा ९ वर गेला होता, कारण फुली १ आणि ५ वर असताना ९ अडवलं नाही तर तिथेच हार आहे. म्हणजे ती खेळी सक्तीची होती, तिच्यात गोळ्याचा दोष नाही. दोष आणखी मागे जातो आणि पहिल्या गोळ्यापाशी थांबतो. कोपऱ्यातल्या फुलीला उत्तर म्हणून शेजारचं २ घेतलं तिथेच डाव हातचा गेला. कोपऱ्याला उत्तर द्यायचं तर फक्त मधलं घर, ५. बाकी कुठलंही घर घेतलं तर नीट खेळणारी फुली जिंकतेच. मोठी माणसं हे अनुभवाने सांगतात. पुरेसे डाव झाले की प्रोग्रॅमच्या तक्त्यात ते आकड्याने लिहिलेलं दिसतं : फुली १ वर आणि गोळा ५ वर या मांडणीचा आकडा ०.५ च्या आसपास स्थिर, आणि बाकी सगळ्या उत्तरांचे आकडे वर चढलेले.

इथे एक रास्त शंका येते. समजा गोळ्याने सुरुवातीला बरोबर ५ घेतलं, पण पुढे चुकला आणि हरला. मग त्या बरोबर खेळीचा आकडाही फुलीकडे सरकेल. तिच्यावर विनाकारण ठपका नाही का? आहे. पण तो टिकत नाही. ५ नंतरची चूक जिथे झाली तिथला आकडा अधिक चढतो, गोळा पुढच्या वेळी तिथे दुसरी वाट घेतो, बरोबरी मिळवतो आणि ५ चा आकडा परत ०.५ कडे उतरतो. २ चा आकडा मात्र उतरणार नाही, कारण त्याच्यापुढे सुटण्याची वाटच नाही. चुकीचा ठपका पुढच्या डावांनी पुसला जातो, खरा दोष दर डावाने पक्का होतो. एका डावाचा निकाल म्हणूनच फार महत्त्वाचा मानायचा नसतो.

यासाठी डाव खूप लागतात, आणि म्हणूनच स्वतःशी खेळणं. मिचींना आपल्या काडेपेट्यांविरुद्ध पहिल्या फेरीत २२० डाव स्वतः बसून खेळावे लागले. आपला प्रोग्रॅम फुलीही तोच आणि गोळाही तोच असतो. साध्या लॅपटॉपवर ३० हजार डाव व्हायला फार वेळ लागत नाही. शिवाय प्रतिस्पर्धी नेहमी आपल्याच तोडीचा मिळतो : सुरुवातीला दोघेही अडाणी, एकाने एक युक्ती शिकली की दुसऱ्याला तिच्यावर तोडगा शोधावाच लागतो.

आता काय बिघडतं ते पाहू.

पहिला बिघाड दोन बाजूंचा. वरच्या तुकड्यात `min` हा शब्द विसरला आणि दोघांनाही `max` दिलं, तर प्रोग्रॅम चालतो, कुठेही त्रुटी दाखवत नाही, आकडेही बदलतात. पण गोळाही आता मोठ्या आकड्याच्या मागे आहे, म्हणजे फुलीला जिंकवायला तोही मदत करतो आहे. हे ओळखायचं कसं? शिकल्यानंतरचे काही डाव छापून पाहा. दर डावात फुलीच जिंकत असेल, तेही बहुधा पाचव्या किंवा सातव्या खेळीला, तर दोघे एकाच बाजूने खेळत आहेत. नीट शिकलेले दोघे एकमेकांशी खेळले तर निकाल एकच असतो : नऊ खेळ्या आणि बरोबरी.

दुसरा बिघाड ठराविक वाटेत अडकण्याचा. समजा एका मांडणीत फुलीला जिंकण्याची वाट आहे, पण ती तिने कधी चालून पाहिलेली नाही, म्हणून तिथे ०.५ आहे. दुसऱ्या एका वाटेवर गोळ्याच्या चुकीमुळे ०.५५ झालं. फुली त्या ०.५५ च्या मागे जात राहील. म्हणून अधूनमधून तक्ता बाजूला ठेवून, डोळे मिटून कुठलीही खेळी करायची. दहातली एक खेळी अशी केली तरी पुरते. वरच्या तुकड्यातला `explore` तो हाच. आणि अशा खेळीनंतर मागचा आकडा बदलायचा नाही. का? कारण मांडणी चांगली होती, खेळी मुद्दाम आंधळी केली. त्या खेळीने नुकसान झालं तर ते मांडणीच्या नावावर टाकणं अन्याय होईल. ही अट घातली नाही तर आकडे उत्तम खेळणाऱ्याचे न राहता, दहात एकदा वेड्यासारखं खेळणाऱ्याचे होतात.

इथेच विद्यार्थ्यांची एक ठरलेली गफलत होते. शिकवणी चालू असताना ते निकाल मोजतात, त्यांत जय-पराजय दिसत राहतात आणि प्रोग्रॅम शिकलाच नाही असं वाटतं. दहात एक खेळी आंधळी असेल, तर नऊ खेळ्यांच्या डावात एकही आंधळी खेळी न येण्याचा संभव ०.९ चा नववा घात, म्हणजे सुमारे ०.३९. दहातल्या सहा डावांत तर निदान एक आंधळी खेळी असणारच. म्हणून परीक्षा घेताना आंधळ्या खेळ्या पूर्ण बंद करायच्या आणि आकडे बदलणंही बंद.

`alpha` बद्दल थोडक्यात. ०.५ मी हाताने हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला. प्रत्यक्षात तो ठेवला तर प्रत्येक आकडा कालच्या डावाच्या तालावर नाचतो. फार लहान घेतला तर शिकणं रेंगाळतं. ०.१ पासून सुरू करून हळूहळू कमी करत नेणं बरं.

तिसरा बिघाड सर्वांत फसवा आहे. तक्त्यात ०.५ दिसलं की त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, ही मांडणी शेकडो वेळा खेळून झाली आणि इथून बरोबरीच होते. दोन, ही मांडणी प्रोग्रॅमने कधी पाहिलीच नाही आणि आपण सुरुवातीला लिहिलेला आकडा तसाच पडून आहे. ज्ञान आणि अज्ञान दोघांचा चेहरा एकच! यावर उपाय सोपा : आकड्याशेजारी दुसरा रकाना ठेवायचा, ही मांडणी किती वेळा शिकून झाली याचा. ०.५ समोर मोठी संख्या असेल तर विश्वास ठेवा, शून्य असेल तर नको.

आणि हे अज्ञान नेमकं स्वतःशी खेळण्यामुळे येतं. दोघेही शिकले की दोघेही चांगल्याच खेळ्या करतात. वेड्यावाकड्या मांडण्या पुढे येतच नाहीत, आल्या तर आंधळ्या खेळीने क्वचित. असा प्रोग्रॅम स्वतःशी शंभरातले शंभर डाव बरोबरीत सोडवेल, आणि चौथीतला एखादा मुलगा अगदी विचित्र घरात गोळा टाकील तेव्हा गोंधळून हरेल. स्वतःशी बरोबरी हा शिकल्याचा पुरावा पुरेसा नाही.

मग पुरेसा पुरावा कोणता? या खेळात तो मिळवता येतो, आणि म्हणूनच विद्यार्थ्याने इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. शिकलेला प्रोग्रॅम गोठवा. सारखे आकडे आले तर नेहमी त्यांतलं पहिलं घर घ्यायचं असं ठरवा, म्हणजे त्याची खेळी पक्की होते. आता समोरच्याला शक्य ती प्रत्येक खेळी करू द्या, एकही वाट न सोडता. प्रोग्रॅम पहिला खेळत असेल तर समोरच्याला अनुक्रमे जास्तीत जास्त ८, ६, ४ आणि २ पर्याय असतात, गुणाकार ३८४. प्रोग्रॅम दुसरा असेल तर ९, ७, ५, ३ आणि १, गुणाकार ९४५. डाव मध्येच संपतात म्हणून प्रत्यक्षात संख्या याहून कमीच भरते, पण १,३२९ च्या वर ती कधीच जाणार नाही. इतक्या डावांत प्रोग्रॅम एकदाही हरला नाही, तर पृथ्वीवरचा कुणीही त्याला या खेळात हरवू शकणार नाही. हा अंदाज नाही, ही सिद्धता आहे.

एखाद्या डावात हरला, तर तो डाव उघडून मागे मागे जा. ज्या मांडणीत चुकीची खेळी झाली, तिच्यातून होऊ शकणाऱ्या पुढच्या मांडण्यांचे शिकण्याचे रकाने पाहा. एखादा शून्य असेल तर प्रोग्रॅम तिथे काही शिकलाच नव्हता. आणखी डाव खेळवा, आंधळ्या खेळ्या वाढवा किंवा काही डाव मुद्दाम वेड्यावाकड्या मांडणीपासून सुरू करा. रकान्यात मोठी संख्या असून आकडा चुकीचा असेल, तर दोष खेळी निवडण्याच्या किंवा आकडे बदलण्याच्या ओळींत आहे. `max`-`min` आणि `explore` ची अट तपासा. चूक अनुभवाच्या कमतरतेची की हिशेबाची, हे असं स्पष्ट वेगळं करता येतं.

या परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. न हरणं आणि जिंकण्याची प्रत्येक संधी साधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याने कोपऱ्याला चुकीचं उत्तर दिलं आणि प्रोग्रॅमने बरोबरी केली, तर तो परीक्षेत नापास होणार नाही, पण पूर्ण शिकला असंही म्हणता येणार नाही. त्यासाठी सगळ्या मांडण्यांचं खरं मूल्य शेवटाकडून हिशेबाने काढून तक्त्याशी ताडून पाहावं लागतं. ५,४७८ मांडण्यांसाठी तेही जमण्यासारखं आहे.

ही पद्धत पुढे कुठे गेली ते थोडक्यात. आर्थर सॅम्युएल यांनी आय.बी.एम.मध्ये चेकर्स शिकणारा प्रोग्रॅम केला, त्याचा लेख १९५९ चा. जेराल्ड टेसॉरो यांचा बॅकगॅमनचा प्रोग्रॅम १९९२ च्या सुमारास स्वतःशी खेळून जाणकारांच्या तोडीला आला. ‘गो’ खेळणारा ‘अल्फागो झिरो’ २०१७ चा, तोही केवळ नियम आणि स्वतःशी खेळलेले डाव यांवर तयार झाला. या खेळांत मांडण्या इतक्या की तक्ता मावत नाही, म्हणून तक्त्याच्या जागी आकड्याचा अंदाज बांधणारं सूत्र किंवा न्यूरल नेटवर्क येतं. आणि तिथे १,३२९ डावांसारखी संपूर्ण परीक्षा घेता येत नाही, हाही फरक लक्षात ठेवा. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी या विषयाचं जे पाठ्यपुस्तक १९९८ मध्ये लिहिलं, त्याच्या पहिल्याच प्रकरणात उदाहरण फुली-गोळ्याचं आहे. या दोघांना २०२४ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. बार्टो यांचे विद्यार्थी बलरामन रवींद्रन यांचा या विषयावरचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे. बेळगावच्या व्हीटीयूशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

ज्यांच्या शाळेत संगणक नाही किंवा आहे पण वीज नाही, त्यांनी मागे राहण्याचं कारण नाही. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या शाळेतही ३०४ रिकाम्या काडेपेट्या गोळा करता येतील, आणि मणी नसतील तर रंगवलेले चिंचोके चालतील. चाळीस मुलांच्या वर्गाला दर मुलामागे सात-आठ मांडण्या काढायच्या येतात. मांडण्या फिरवून, उलटवून सारख्या कोणत्या ते शोधताना जी भूमिती शिकली जाईल, ती फळ्यावर शिकवून येत नाही.

माझी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच आहे. हा प्रोग्रॅम स्वतः लिहा, साठ-सत्तर ओळींत होतो. तो चालू लागला की मुद्दाम `min` च्या जागी `max` घालून तो कसा बिघडतो ते पाहा. मग दुरुस्त करा आणि तीस हजार डाव खेळवा. पण त्यानंतर तो स्वतःशी बरोबरी करतो म्हणून खूश होऊन थांबू नका. समोरच्याच्या सगळ्या वाटा खेळवून त्याची परीक्षा घ्या आणि हरलेल्या डावांची संख्या वहीत लिहा. ती शून्य येईल तेव्हाच तो शिकला असं म्हणा, आणि कुणी ‘कशावरून?’ विचारलं तर ती वही पुढे करा.